व्रणावरून माणूस कळतो का?

मंडळी, आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पडद्यावर एक नवं पात्र येतं. त्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं. पण त्याच्या गालावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एक व्रण असतो, किंवा एक डोळा पांढरा पडलेला असतो, किंवा तो पाय ओढत चालत येतो. आपण शेजारच्याला हळूच सांगतो, "हाच तो." आणि बहुतेक वेळा आपलं बरोबर निघतं. 1988 साली दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं, त्यात गुफी पेंटल यांचा शकुनी लंगडत यायचा. व्यासांच्या महाभारतात शकुनी लंगडतो असं कुठे म्हटलेलं नाही. पण मालिका पाहणाऱ्या पिढीला आता लंगडा नसलेला शकुनी डोळ्यांसमोर आणताच येत नाही.

व्रण, लंगडणं, भाजलेला चेहरा यांचा असा खुणेसारखा वापर करण्याला गेल्या काही दशकांत समीक्षकांनी कडाडून विरोध केला आहे. तो विरोध नेमका कशाला आहे, हे आज आपण पाहू. पुष्कळांची समजूत अशी असते की हा केवळ कुणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न आहे. तसं नाही. मुळात हा चुकीच्या अनुमानाचा प्रश्न आहे, आणि अनुमान हा तर आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा जुना धंदा.

न्यायदर्शनात अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत, त्यातलं एक आहे शेषवत् अनुमान. कार्यावरून कारणाकडे जायचं. नदीला गढूळ पाण्याचा लोंढा आलेला दिसला की वर कुठेतरी पाऊस पडून गेला असं आपण म्हणतो. व्रणाचं तसंच आहे. गालावर व्रण आहे, म्हणजे कधीतरी जखम झाली होती आणि ती भरून आली. हे अनुमान पक्कं आहे. पण एवढ्यावर न थांबता आपण पुढची उडी मारतो: व्रण आहे, म्हणून माणूस क्रूर आहे. या उडीला आधार कशाचा? धूर आणि अग्नी यांच्यात व्याप्ती आहे, म्हणजे जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे आपण पाहिलेलं असतं. व्रण आणि क्रौर्य यांच्यात अशी व्याप्ती कुणी पाहिली आहे? स्वयंपाकघरात भाजलेल्या, अपघातातून वाचलेल्या, शस्त्रक्रिया झालेल्या माणसांकडे पाहिलं तर ती आपल्यासारखीच बरी-वाईट असतात. म्हणजे पहिलं अनुमान 'काय झालं' हे सांगतं आणि दुसरं 'माणूस कसा आहे' हे सांगू पाहतं. पहिल्याच्या खात्रीवर दुसरं खपवलं जातं. आजची सगळी चर्चा या एका घसरणीभोवती आहे.

जुन्या साहित्यात ही घसरण नेहमीच होती असं मात्र नाही. पाश्चात्य साहित्यातला सगळ्यात प्रसिद्ध व्रण होमरच्या 'ओडिसी'त आहे. वीस वर्षांनी ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात घरी परततो. म्हातारी दाई युरिक्लिया पाहुणा म्हणून त्याचे पाय धुवायला बसते आणि तिच्या हाताला त्याच्या पायावरचा व्रण लागतो. लहानपणी आजोळी शिकारीला गेला असताना रानडुकराने सुळा मारला होता, त्याची ती खूण. तिच्या हातून पाय सुटतो, पितळी पात्र कलंडतं, पाणी सांडतं. बघा, हा व्रण काय सांगतो? हा माणूस *कोण* आहे, एवढंच. तो चांगला की वाईट, हे तो सांगत नाही. व्रणामागची हकिकतही होमर सविस्तर सांगतो, पण ती घडलेली घटना म्हणून. स्वभावाचं स्पष्टीकरण म्हणून नाही. ऍरिस्टॉटलने तर 'काव्यशास्त्रा'त खुणांवरून ओळख पटवणं हा ओळखीच्या प्रसंगांतला सगळ्यात कमी कलात्मक प्रकार मानला. कवीला दुसरं काही सुचलं नाही की तो खुणेचा आधार घेतो, असं त्याचं म्हणणं.

मग ही खूण 'कोण' वरून 'कसा' वर गेली कधी? याचा एकच एक क्षण दाखवता येणार नाही. पण एक माणूस असा आहे, ज्याच्या बाबतीत ही घसरण पायरी-पायरीने मोजता येते, कारण त्याचं शरीरच आपल्या हाती लागलं आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड.

रिचर्ड 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. वय बत्तीस. गादीवर आला त्याला हरवणारा सातवा हेन्री, म्हणजे ट्यूडर घराणं. आता जॉन राउस नावाच्या एका लेखकाचं उदाहरण घेऊ. रिचर्ड जिवंत असताना याने त्याची चांगला राजा म्हणून स्तुती लिहून ठेवली होती. रिचर्ड मेला, हेन्री आला, आणि त्याच राउसने लिहिलं की रिचर्ड दोन वर्षं आईच्या पोटात होता, जन्मला तेव्हा त्याला दात होते, केस खांद्यापर्यंत होते आणि त्याचे खांदे वर-खाली होते. राजा बदलला तसं मेलेल्या राजाचं शरीरही बदललं. पुढे 1513च्या सुमारास टॉमस मोर याने रिचर्डचा इतिहास लिहायला घेतला. त्यात पाठ वाकडी आहे, डावा खांदा उजव्यापेक्षा उंच आहे आणि एक हात वाळलेला आहे. तो हात दाखवून रिचर्ड भर सभेत राणीवर चेटकाचा आरोप करतो, असा प्रसंगही मोरने रंगवला आहे.

चित्रांचीही तीच गत झाली. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात रिचर्डचं एक जुनं चित्र आहे. क्ष-किरणांनी तपासलं तेव्हा दिसलं की खांद्याची मूळ रेषा सरळ होती. मागाहून कुणीतरी रंग चढवून एक खांदा उंच केला, डोळाही बारीक केला. आणि मग 1592-93च्या सुमारास शेक्सपिअरचं नाटक आलं. तिथे रिचर्ड कुबडा आहे, लंगडा आहे, वाळलेल्या हाताचा आहे, आणि रंगमंचावर येताच तो प्रेक्षकांना आपल्या शरीराबद्दलच सांगतो.

2012 साली लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली, पूर्वीच्या ग्रेफ्रायर्स मठाच्या जागी, एक सांगाडा सापडला. डीएनए आणि इतर पुरावे जुळवून फेब्रुवारी 2013मध्ये जाहीर झालं की हा रिचर्डच. 2014 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या पाठीच्या कण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कणा एका बाजूला वळलेला होता हे खरं. वैद्यकशास्त्रात याला स्कोलिऑसिस म्हणतात. पण हा बाक जन्मापासूनचा नव्हता, वाढीच्या वयात आलेला होता. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उंच असणार. मोरने सांगितला होता डावा. कुबड नव्हतं, कारण कुबडात कणा पुढे झुकतो आणि इथे तो बाजूला वळला होता. पायांची हाडं सारखी, त्यामुळे लंगडण्याचं कारण दिसत नाही. वाळलेला हातही नाही. नीट शिवलेले कपडे किंवा चांगलं चिलखत घातलं तर हा दोष सहज लक्षात आला नसता. शिवाय अंगावर अकरा जखमा, त्यातल्या नऊ कवटीवर. म्हणजे हा माणूस लढता लढता गेला.

आता काय झालं ते नीट पाहू. एक खरी, किरकोळ गोष्ट होती: खांदा थोडा वर. तिच्यावर कुबड चढलं, लंगडेपणा चढला, वाळलेला हात चढला, जन्मतःचे दातही आले. शरीर पाहून स्वभाव ओळखला गेला नाही. स्वभाव आधी ठरला आणि त्याला शोभेल असं शरीर मागाहून बनवलं गेलं. समीक्षकांचा पहिला आक्षेप इथे समजतो. खलनायकाचा व्रण हा पुरावा नसतोच, तो निकाल असतो. फक्त आपल्यासमोर मांडताना तो पुराव्याच्या जागी ठेवलेला असतो.

रिचर्डच्या नाटकात आणखी एक गोष्ट आहे, ती सूक्ष्म आहे. पहिल्या स्वगतात रिचर्ड म्हणतो त्याचा आशय असा: माझं शरीर असं, मला कुणी प्रेम करणार नाही, तर मग मी दुष्टच व्हायचं ठरवलं आहे. इथे शरीर नुसती खूण राहत नाही, ते *कारण* होतं. हा विचार तत्त्वज्ञानात उघडपणे मांडला फ्रान्सिस बेकनने, 1612 साली, शारीरिक विद्रूपतेवरच्या एका छोट्या निबंधात. तो म्हणतो, विद्रूपता ही स्वभावाची खूण मानू नका, खूण फसवते. ती कारण माना, कारण त्याचा परिणाम सहसा चुकत नाही. निसर्गाने अशा माणसावर अन्याय केला, म्हणून तो निसर्गाची परतफेड करतो. पुढे तोच म्हणतो की अशी माणसं कधी कधी उत्तमही निघतात, आणि त्यात इसाप आणि सॉक्रेटिस यांची नावं घेतो. अपवादात सॉक्रेटिसचं नाव आल्यावर नियमाची काय किंमत राहिली, हे आपण ठरवावं.

आजच्या चित्रपटांत बेकनचाच मार्ग चालतो. थेट 'विद्रूप म्हणून दुष्ट' म्हणणं आता ओशाळवाणं वाटतं, म्हणून पात्राला पूर्वकथा दिली जाते. लहानपणी आगीत सापडला, ऍसिड पडलं, मित्राने दगा दिला, म्हणून आज हा असा आहे. हे जास्त सहृदय वाटतं. पण अनुमान तेच आहे, फक्त मध्ये एक पायरी वाढली. आधी व्रण दुष्टपणा *दाखवत* होता, आता तो दुष्टपणा *घडवतो*. दोन्हींत व्रण असलेल्या माणसाला तिसरा रस्ता नाही: जखम झाली, बरी झाली, आणि मग तो आपलं बँकेतलं काम करू लागला, भांडू लागला, लग्नाला गेला. या आयुष्यात सांगण्यासारखं काही नाही असं पटकथेने आधीच ठरवलेलं असतं.

डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर या दोन अभ्यासकांनी 2000 साली यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांची मुख्य कल्पना आपण आपल्या शब्दांत अशी सांगू: अपंगत्व ही कथेची कुबडी असते. कथेला पुढे जायला काहीतरी वेगळेपण लागतं, ते ती एखाद्या शरीरातून उसनं घेते. त्या कुबडीवर भार टाकून कथा चालू लागते, आणि ज्याच्या शरीरातून ती घेतली, त्या माणसाच्या रोजच्या जगण्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून एक विचित्र गोष्ट घडते. साहित्यात अपंग पात्रं कमी आहेत अशी तक्रार करता येत नाही, ती जागोजागी आहेत. पण अपंगत्वासह जगणं मात्र फार थोड्या ठिकाणी आहे.

इथे एक रास्त शंका येते. कुणी म्हणेल, नायकालाही व्रण असतात की! सैनिकाच्या छातीवरचे वार आपण अभिमानाने सांगतो. मग आक्षेप फक्त खलनायकाबाबत का? या शंकेचं उत्तर एका उदाहरणातून देऊ, जेम्स बाँडच्या. इयन फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत बाँडच्या उजव्या गालावर उभा व्रण आहे. नायकाच्या! चित्रपट निघाले तेव्हा हा व्रण गेला. गुळगुळीत चेहऱ्याचे देखणे बाँड आले. उलट त्याचा शत्रू ब्लोफेल्ड. 1967च्या चित्रपटात डोनल्ड प्लेझन्सने तो केला तेव्हा त्याच्या डोळ्यावरून गालापर्यंत मोठा व्रण रंगवला होता. फ्लेमिंगने त्याला तसा व्रण दिलेला नव्हता. 2015च्या 'स्पेक्टर'मध्ये ब्लोफेल्ड आधी साफ चेहऱ्याने येतो, आणि स्फोटात त्याला नेमका तोच व्रण मिळतो. जणू त्याशिवाय तो पुरा ब्लोफेल्ड होत नाही. 2021च्या बाँडपटातला मुख्य खलनायकही विद्रूप चेहऱ्याचाच. म्हणजे व्रण दोघांनाही असू शकतो हे तत्त्वतः खरं, पण वाटप पाहिलं तर एकाचा पुसला आणि दुसऱ्याला चढवला. आक्षेप या वाटपाला आहे.

आणि वाटपामुळेच व्याप्तीचा प्रश्न परत येतो. आपण मघाशी म्हटलं की व्रण आणि क्रौर्य यांची व्याप्ती कुणी पाहिलेली नाही. पण चित्रपट पाहणाऱ्या मुलाने ती पाहिलेली असते! पन्नास चित्रपटांत पन्नास वेळा. नैयायिक याला उपाधी म्हणतील. अग्नी असला की धूर असतोच असं नाही. सरपण ओलं असेल तरच धूर निघतो. ते ओलेपण ही उपाधी. तसं इथे 'व्रण तिथे दुष्टपणा' हे खरं ठरतं ते एकाच अटीवर: पात्र कुणीतरी बसून रंगवलेलं असेल तर. मूल ही अट पाहू शकत नाही. ते तीच सवय घेऊन शाळेत जातं, आणि बाकावर शेजारी भाजलेल्या चेहऱ्याची मुलगी असली की थोडं सरकून बसतं. चेहऱ्यावर खुणा असलेल्या लोकांसाठी काम करणाऱ्या 'चेंजिंग फेसेस' या ब्रिटिश संस्थेने 2018 साली मोहीम काढली, तिचा रोख हाच होता: मी तुमचा खलनायक नाही. तेव्हा ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाहीर केलं की चेहऱ्यावरच्या व्रणांतून पात्राचा दुष्टपणा दाखवणाऱ्या चित्रपटांना आपण यापुढे पैसा देणार नाही.

आता हा विरोध कुठे थांबतो तेही सांगायला हवं. व्रण दाखवूच नका, खलनायक धडधाकटच ठेवा, असं कुणी गंभीर समीक्षक म्हणत नाही. तसं केलं तर ही माणसं पडद्यावरून आणखीच नाहीशी होतील. तिसऱ्या रिचर्डचं नाटकही फेकून द्यायचं नाही. ते नीट वाचलं तर स्वतःलाच छेद देतं. माझ्यावर कुणी प्रेम करणार नाही, असं पहिल्या स्वगतात सांगणारा रिचर्ड लगेच पुढच्या प्रवेशात लेडी ऍनला वश करतो, तिच्या सासऱ्याच्या प्रेताजवळ उभा राहून, तेही तिचा नवरा आपणच मारलेला असताना. म्हणजे शरीराचं कारण ही त्याची सबब होती. प्रेक्षक ती खरी मानतो की सबब म्हणून ओळखतो, हे नट आणि दिग्दर्शक काय करतात यावर ठरतं.

मग एखादी कलाकृती ही सवय चालवते आहे की नाही, हे ओळखायचं कसं? आम्ही एक साधी परीक्षा सुचवतो. मनातल्या मनात पात्राचा व्रण किंवा लंगडणं काढून टाकायचं आणि पाहायचं, काय उरतं. काहीच उरलं नाही, हेतू उरला नाही, तर लेखकाने स्वभावाच्या जागी शरीर ठेवलं होतं. सगळं जसंच्या तसं उरलं, तर विचारायचं की मग ते घातलं कशाला? आणि काढल्यावर एखादा प्रसंग, एखादं नातं, एखादी अडचण कोसळली, तर ते शरीर कथेत खरोखर जगत होतं.

ही परीक्षा विशाल भारद्वाज यांच्या 'ओंकारा'ला लावून पाहू. 2006चा हा चित्रपट 'ऑथेल्लो'वर आधारलेला. त्यातला सैफ अली खानचा लंगडा त्यागी म्हणजे इयागो. त्याचं व्यंग त्याच्या नावातच आहे. आता लंगडणं काढून टाकू. त्यागीचा राग कुठून येतो? इतकी वर्षं निष्ठेने राबूनही ओंकाराने बाहुबलीची जागा त्याला न देता केसूला दिली, यातून. हा राग माणसाला समजेल असा पुरेपूर आहे, त्याला पायाची गरजच नाही. म्हणजे हेतू शाबूत आहे आणि लंगडणं वर चिकटवलेलं आहे. सैफचं काम उत्तम आहे यात वाद नाही. पण ते लंगडणं फक्त प्रेक्षकाला खूण करतं: याच्यावर लक्ष ठेवा.

शेक्सपिअरच्या मूळ नाटकात काय आहे? इयागोचं शरीर अगदी धडधाकट आहे. सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात, आणि नाटकाची सगळी भीती यातच आहे की त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही. शेवटच्या अंकात कपट उघडं झाल्यावर ऑथेल्लो इयागोच्या पायांकडे पाहतो. सैतानाचे पाय खुरांचे असतात अशी समजूत होती, म्हणून तो खूर शोधतो. तिथे साधे माणसाचे पाय असतात, आणि ती खुरांची गोष्ट खोटी असल्याचं त्याच्या तोंडून निघतं. रिचर्डला कुबड देणाऱ्या त्याच नाटककाराने काही वर्षांनी हा प्रवेश लिहिला.

पायांकडे पाहून माणूस कळेल असं ऑथेल्लोला वाटत होतं, आणि तोवर डेस्डिमोना मेलेली होती. खलनायकाला व्रण देणारी कथा आपल्याला उलट आश्वासन देते: काळजी करू नका, वाईट माणूस दुरूनच ओळखू येईल. आपण ते खरं मानलं तर दोन चुका एकदम होतात. ज्याच्या चेहऱ्यावर खूण आहे त्याला आपण उगाच दूर ठेवतो, आणि ज्याच्या चेहऱ्यावर काहीच नाही त्याला निर्धास्तपणे घरात घेतो.